०.१ अधिक ०.२: बरोबरी नेमकी कुठे तुटते?

प्रोग्रॅमिंगच्या परीक्षांत, मग ती शाळेतली असो, इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाची तोंडी असो की नोकरीआधीची चाळणी, एक प्रश्न हमखास भेटतो. पायथॉनची एकच ओळ दिलेली असते आणि पडद्यावर काय छापलं जाईल ते विचारलेलं असतं.

```python
print(0.1 + 0.2 == 0.3)
```

चौथीतल्या मुलालाही ही बेरीज येते, म्हणून पहिल्यांदा भेटलेला विद्यार्थी `True` वर खूण करतो आणि गुण घालवतो. उत्तर `False` आहे. तुलना काढून नुसती बेरीज छापली तर `0.30000000000000004` असा लांबलचक आकडा दिसतो. मग गाइडमधलं ठरलेलं स्पष्टीकरण येतं, ‘०.१ ही संख्या बायनरी पद्धतीत अचूक मांडता येत नाही, म्हणून’. विद्यार्थी ते पाठ करतात आणि पुढच्या वेळी गुण मिळवतात.

हे स्पष्टीकरण चूक नाही, पण ते अर्धंच आहे. लगेच पुढच्या दोन ओळी देऊन पाहा.

```python
print(0.1 + 0.1 == 0.2)
print(0.1 + 0.3 == 0.4)
```

दोन्हीकडे `True` येतं. ०.१ अचूक मांडता येत नाही हेच खरं कारण असेल, तर ते इथे कुठे गेलं? ०.२, ०.३ आणि ०.४ यांपैकी एकही संख्या संगणकाला अचूक मांडता येत नाही. तरी एका ठिकाणी बरोबरी तुटते आणि दोन ठिकाणी टिकते. खरी गंमत या फरकात आहे आणि ती समजायला गुणाकार-भागाकाराच्या पलीकडचं गणित लागत नाही. फक्त आकडे जरा लांब आहेत. त्यांचे शेवटचे तीन अंक तेवढे लक्षात ठेवायचे.

आधी संगणक अपूर्णांक कसा ठेवतो ते पाहू. पायथॉनचा `float` आणि सी, सी++, जावा यांचा `double` हे एकच माप आहे. एका संख्येसाठी त्यात ६४ बिट मिळतात. ही मांडणी १९८५ साली आयईईई ७५४ या मानकाने पक्की केली. त्यामागचं मुख्य डोकं होतं बर्कलीचे प्राध्यापक विल्यम काहान यांचं. त्यांना १९८९ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला. बिटांची वाटणी बाजूला ठेवली, तर मांडणीचा अर्थ सोपा आहे. प्रत्येक संख्या एका अपूर्णांकाच्या रूपात राहते. अंशाच्या जागी सोळा अंकी पूर्णांक आणि छेदाच्या जागी दोनचा कुठला तरी घात. (फार मोठ्या संख्यांना छेदाऐवजी गुणक लागतो, पण आपल्याला तिकडे जायचं नाही.) अंशावर बंधन असं की तो ४५०३५९९६२७३७०४९६ पासून पुढे, पण ९००७१९९२५४७४०९९२ च्या आत हवा. हे दोन आकडे म्हणजे दोनचा ५२वा आणि ५३वा घात. या मर्यादेत बसेल असा छेद निवडायचा, अंश जवळच्या पूर्णांकाला नेऊन ठेवायचा, झालं.

छेद दोनचाच घात असणार, म्हणून अर्धा, पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांना काहीच अडचण नाही. ते जसेच्या तसे बसतात. एकदशांशाची गोष्ट वेगळी. दहा म्हणजे दोन गुणिले पाच, आणि तो पाच दोनच्या कुठल्याही घातातून निघत नाही. एकतृतीयांश दशांशात लिहायला गेलं की ०.३३३ चालूच राहतं, कारण दहाला तीनने भाग जात नाही. एकदशांशाची बायनरीत तीच गत होते.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. ०.१ साठी छेद येतो दोनचा ५६वा घात, म्हणजे ७२०५७५९४०३७९२७९३६. त्याचा दहावा भाग होतो ७२०५७५९४०३७९२७९३.६. हा अंश व्हायला हवा, पण अंश पूर्णांकच लागतो. मग .६ वरून जवळच्या पूर्णांकाला जायचं, म्हणजे वर, शेवट ७९४ वर. संगणकातला ०.१ हा त्यामुळे खऱ्या ०.१ पेक्षा किंचित मोठा आहे.

०.२ साठी अंश तोच, ७९४ वर संपणारा. फक्त छेद निम्मा, दोनचा ५५वा घात. तोही खऱ्यापेक्षा किंचित मोठा.

०.३ साठी छेद आणखी निम्मा करावा लागतो, दोनचा ५४वा घात. अंश यायला हवा ५४०४३१९५५२८४४५९५.२. इथे .२ आहे, म्हणून खाली यायचं, शेवट ५९५ वर. संगणकातला ०.३ खऱ्यापेक्षा किंचित लहान आहे.

म्हणजे बेरजेच्या दोन्ही संख्या वरच्या बाजूला झुकलेल्या आणि ज्याच्याशी तुलना करायची तो ०.३ खालच्या बाजूला झुकलेला. गाइडमधलं स्पष्टीकरण फार तर इथवर येऊन थांबतं. पण एवढ्याने बरोबरी तुटायलाच हवी असं नाही. बेरीजसुद्धा शेवटी याच साच्यात बसवायची असते, आणि ती बसवताना ५९५ वर येऊन पोचली असती तर कुणाला काही कळलंही नसतं.

बेरीज करून बघू. ०.२ ला ०.१ च्याच छेदावर आणलं की त्याचा अंश दुप्पट होतो. एक आणि दोन मिळून तिप्पट, म्हणजे ७२०५७५९४०३७९२७९४ गुणिले ३, बरोबर २१६१७२७८२११३७८३८२. हा आकडा मर्यादेबाहेर गेला, म्हणून अंश आणि छेद दोघांनाही चारने भागायचं. छेद होतो दोनचा ५४वा घात, म्हणजे ०.३ चाच. आणि अंश होतो ५४०४३१९५५२८४४५९५.५.

तो शेवटचा .५ पाहा. ५९५ आणि ५९६ यांच्या अगदी मधोमध. केसभरही इकडे नाही की तिकडे नाही. जवळचा पूर्णांक कुठला, याला इथे उत्तरच नाही.

अशा कोंडीसाठी मानकात नियम आहे. दोन्ही बाजू सारख्याच जवळ असतील तर सम पूर्णांकाकडे जायचं. ५९५ विषम, ५९६ सम. बेरीज ५९६ वर गेली. ०.३ तर ५९५ वर बसलाय. एका घराचा फरक पडला, आणि `==` ला एक घर म्हणजे पूर्ण वेगळी संख्या. `False` इथून येतं.

हे कुणीही घरच्या संगणकावर पडताळून पाहू शकतो. दोनच्या घाताने गुणल्याने अंश बदलत नाही, फक्त छेद निघून जातो. त्यामुळे आत दडलेला अंश सरळ बाहेर येतो.

```python
print(0.1 * 2**56)           # 7205759403792794.0
print(0.3 * 2**54)           # 5404319552844595.0
print((0.1 + 0.2) * 2**54)   # 5404319552844596.0
```

आता ०.१ अधिक ०.३ कडे वळू. दोनच्या ५४व्या घाताच्या छेदावर ०.१ चा अंश होतो १८०१४३९८५०९४८१९८.५. त्यात ०.३ चा, ५९५ वर संपणारा अंश मिळवला की ७२०५७५९४०३७९२७९३.५. पुन्हा अगदी मधोमध! पुन्हा तोच नियम, सम बाजूला जा. या वेळी सम आहे ७९४, आणि ०.४ चा साठवलेला अंशही नेमका तोच. बरोबरी टिकली. एकाच नियमाने एक गणित बिघडवलं आणि दुसरं वाचवलं. ०.१ अधिक ०.१ ला तर नियमापर्यंत जावंच लागत नाही. दुप्पट करताना अंश तोच राहतो आणि छेद निम्मा होतो, म्हणजे तो थेट ०.२ च असतो.

हा सम बाजूचा नियम पहिल्यांदा ऐकताना लहरी वाटतो. शाळेत आपण .५ आला की डोळे मिटून वर जातो. पण लाखो बेरजा करायच्या असतील आणि प्रत्येक मधोमध आकडा वरच ढकलला, तर एकूण बेरीज हळूहळू फुगत जाते. सम बाजूला गेल्याने निम्म्या वेळा वर, निम्म्या वेळा खाली, असं साधारण फिटंफाट होतं.

संगणक वगैरे सोडा, हा अनुभव आपल्या देशाने खिशातल्या सुट्ट्या पैशांतून घेतलेला आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते, आता शंभर नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पाव पैसा कुणी देऊ शकत नाही, म्हणून एका आण्याचे सहा नवे पैसे ठरले. दोन आण्यांचे व्हायला हवे साडेबारा, म्हणजे पुन्हा मधोमध. दोन्ही नाणी सारखीच जवळ असतील तर खालचं धरायचं असा नियम होता, म्हणून बारा. तीन आण्यांचे पावणेएकोणीस, ते जवळचे म्हणून एकोणीस. आता बेरीज करा. एक आणा सहा, दोन आणे बारा, मिळून अठरा. पण तीन आणे एकदम मोडले तर एकोणीस. एक अधिक दोन बरोबर तीन, हे कोष्टकाच्या या बाजूला खरं आणि त्या बाजूला खोटं. प्रत्येक रक्कम आपापल्या जागी शक्य तितकी बरोबर मोडली होती. आधी मोडून मग मिळवलं, की आधी मिळवून मग मोडलं, एवढाच काय तो फरक.

परीक्षेकडे परत येऊ. सी भाषेच्या प्रश्नपत्रिकांत याच प्रश्नाचा एक भाऊबंद असतो आणि तो जास्त फसवा आहे.

```c
float x = 0.1;
if (x == 0.1) printf("YES");
else printf("NO");
```

इथे बेरीजसुद्धा नाही. ०.१ ठेवला आणि ०.१ शीच तुलना केली, तरी `NO`. सी भाषेत नुसतं `0.1` लिहिलं की ते `double` धरलं जातं. `x` मात्र `float` आहे, म्हणजे ३२ बिटी. तिथे अंश फक्त ८३८८६०८ ते १६७७७२१६ एवढ्यात बसवायचा असतो. ०.१ चा अंश यायला हवा १३४२१७७२.८, तो झाला १३४२१७७३. तुलनेच्या वेळी `x` ची रुंदी वाढवून त्याला `double` केलं जातं, पण साठवताना गेलेला बारकावा परत येत नाही. त्यामुळे `x` हा `0.1` पेक्षा मोठा ठरतो.

परीक्षक याच्या पुढे जाऊन ०.१ च्या जागी ०.७ टाकतात आणि `x < 0.7` खरं की खोटं ते विचारतात. ०.७ चा अंश ११७४४०५१.२ येतो, तो खाली ११७४४०५१ होतो, म्हणून `x` लहान आणि उत्तर ‘खरं’. ०.५ टाकलं तर बरोबरी शाबूत, कारण अर्धा अचूक बसतो. ‘`float` नेहमी मोठा येतो’ किंवा ‘नेहमी लहान येतो’ असा एखादा ठोकताळा विद्यार्थी शोधत असतात. तो नाहीच. अंशाच्या पुढे उरलेला तुकडा अर्ध्यापेक्षा मोठा की लहान, हे त्या त्या संख्येसाठी काढूनच पाहावं लागतं.

आणि ज्यांना वाटतं की कमी बिट म्हणजे जास्त गोंधळ, त्यांच्यासाठी ही गंमत. आजच्या नेहमीच्या ६४ बिटी कंपायलरवर `0.1f + 0.2f == 0.3f` हे खरं येतं! तिप्पट करून चारने भागल्यावर अंश येतो १००६६३२९.७५, तो उघडच वर जातो, शेवट ३३० वर. ०.३ चा अंश १००६६३२९.६, तोही वर, ३३० वरच. `float` कमी अचूक, पण या एका गणितात तोच पास झाला. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की ‘०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ आहे का’ हा प्रश्न संख्यांचा प्रकार न सांगता विचारूच नये. उत्तर त्या प्रकारावर ठरतं.

छापण्याच्या सवयीही यात भर घालतात. सी++ मध्ये `cout << 0.1 + 0.2` दिलं की `0.3` दिसतं, कारण `cout` न सांगता सहाच सार्थ अंक दाखवतो. सी मधला `%f` दशांशचिन्हानंतर सहा अंक देतो, म्हणजे `0.300000`. आत ५९६ बसलेला असतो आणि बाहेर साळसूद ०.३. पायथॉन मात्र ज्या कमीत कमी अंकांवरून ती संख्या पुन्हा ओळखता येईल तेवढे अंक दाखवतो. ५९५ ची ओळख `0.3` ने पटते. ५९६ साठी `0.3` वापरता येत नाही, ते नाव आधीच शेजाऱ्याने घेतलंय. म्हणून `0.30000000000000004`. ही पद्धत पायथॉनमध्ये २००९ साली ३.१ या आवृत्तीपासून आली. त्याआधी नुसता `0.1` टाइप केला तरी `0.10000000000000001` असं उत्तर यायचं. शिकणारे दचकायचे खरे, पण आत काय आहे याची चुणूक त्यांना पहिल्याच दिवशी मिळायची.

नुसत्या तुलनेत एक गुण जातो. लूपमध्ये मात्र प्रोग्रॅमच अडकतो, आणि हाही परीक्षेतला आवडता सापळा आहे.

```python
x = 0.0
while x != 1.0:
    x = x + 0.1
```

दहा फेऱ्यांत संपायला हवा, पण हा लूप संपतच नाही. तिसऱ्या फेरीला `x` असतो `0.30000000000000004`. चौथ्या फेरीला तो आपोआप सुधारून `0.4` होतो, कारण राउंड करताना तो जादा तुकडा गळून पडतो. सातव्या फेरीपर्यंत सगळं सुरळीत दिसतं. आठव्या फेरीला `0.7999999999999999` आणि दहाव्या फेरीला `0.9999999999999999`. एक टळला, पुढच्या फेरीत `x` त्याच्या पलीकडे गेला, आता `1.0` कधीच भेटणार नाही. `!=` च्या जागी `<` घातलं तर लूप थांबतो, पण दहाऐवजी अकरा फेऱ्या करून. ‘लूप किती वेळा चालेल’ असा प्रश्न असेल तर अकरा हे उत्तर मान्य करायलाच हवं. अशा वेळी फेऱ्या पूर्णांकात मोजाव्यात आणि हव्या त्या ठिकाणी `i / 10` वापरावं. दहा भागिले दहा म्हणजे नेमका एकच येतो, कारण इथे आधीची चूक पुढच्या फेरीत वाहत जात नाही.

तुलना मग करायची कशी? दीर्घोत्तरी प्रश्नांत लिहायचं असेल तर पायथॉनचं `math.isclose(0.1 + 0.2, 0.3)` पुरेसं आहे. ते `True` देतं. दोन संख्यांतला फरक मोठ्या संख्येच्या एक अब्जांशाच्या आत असेल तर त्यांना सारखं मानायचं, असा त्याचा न सांगता धरलेला नियम आहे. म्हणूनच शून्याशी तुलना करताना तो निरुपयोगी ठरतो. शून्याशेजारी प्रत्येक संख्येचा फरक तिच्याइतकाच, म्हणजे शंभर टक्के भरतो. तिथे किती फरक चालेल ते `abs_tol` मध्ये आपणच सांगायचं.

पुष्कळ मुलं `round` कडे धाव घेतात. `round(0.1 + 0.2, 1) == 0.3` खरं येतं, कारण बेरीज झाल्यावर तिला पुन्हा ५९५ वर आणून बसवलं. पण `round(0.1, 1) + round(0.2, 1) == 0.3` खोटंच राहतं. ०.१ ला एका दशांश स्थळापर्यंत राउंड केलं की मिळणारी जवळची संख्या पुन्हा तीच, ७९४ वर संपणारी. आण्यांच्या कोष्टकात जे झालं तेच, आधी मोडलं की मागून मोडलं यावर सगळं अवलंबून.

पैशांच्या हिशेबात सगळ्यात सुटसुटीत मार्ग म्हणजे रुपये न ठेवता पैसे ठेवायचे, पूर्णांकात. १० पैसे अधिक २० पैसे बरोबर ३० पैसे, यात कुठल्याही भाषेत, कुठल्याही यंत्रावर वाद नाही. दशांशच हवे असतील तर पायथॉनमध्ये `Decimal` आहे. त्याचा छेद दहाचा घात असतो. `Decimal('0.1') + Decimal('0.2') == Decimal('0.3')` हे खरं येतं. मात्र आतले अवतरणचिन्ह विसरून `Decimal(0.1)` लिहिलं तर ०.१ आधी `float` होतो, आणि मग `Decimal` त्या ७९४ वाल्या संख्येचे सगळे अंक प्रामाणिकपणे मांडून दाखवतो. त्यांची सुरुवात `0.1000000000000000055511151231257827` अशी आहे आणि ते त्याच्याही पुढे जातात.

`Decimal` आला म्हणजे सगळं अचूक झालं असं समजून लिहिलेली उत्तरंही तपासताना बघायला मिळतात. त्यांच्यासाठी शेवटच्या दोन ओळी.

```python
from decimal import Decimal
print(1 / 3 * 3 == 1)
print(Decimal(1) / Decimal(3) * 3 == 1)
```

पहिली ओळ, साध्या `float` ची, `True` छापते. दुसरी `False`. `Decimal` न सांगता २८ अंक ठेवतो, त्यामुळे एकतृतीयांश २८ तीनांवर तुटतो आणि तिप्पट केल्यावर २८ नऊ मिळतात.